घरच्या कारखान्यातली मांडणी, वहीतली किंमत

फर्निचर बनवणाऱ्याला स्वतःच्या शोरूमसाठी मांडण्या हव्या असल्या तर तो त्या विकत आणत नाही. गोदामात प्लायवूड पडलेले असते, कारखान्यात सुतार असतात, पॅनेल सॉ आणि प्रेस असते. ‘आपलाच माल, आपलीच माणसे’ असे म्हणत दोन-तीन आठवड्यांत भिंतभर शेल्फ उभे राहतात. कुणाला बिल द्यायचे नसते, कुणाचे बिल येत नसते, आणि म्हणूनच या कामाची नोंद वहीत बहुधा होत नाही. माल ‘वापरला’ म्हणून खपतो, मजुरी महिन्याच्या पगारात मिसळते आणि दहा वर्षे टिकणारी वस्तू त्या एका वर्षाच्या खर्चात विरून जाते.

हिशोबाचा नियम वेगळा आहे. जी वस्तू विकण्यासाठी नसून धंद्यात वर्षानुवर्षे वापरण्यासाठी आहे, ती मालमत्ता. ती बाहेरून आणली काय आणि घरी केली काय, तिचा खर्च मालमत्तेच्या खात्यात जायला हवा आणि घसाऱ्याच्या रूपाने थोडा थोडा नफ्यातून वजा व्हायला हवा. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या लेखामानक 10 मध्ये स्वतः तयार केलेल्या मालमत्तेबद्दल हेच सांगितले आहे. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस 16 मध्येही तेच आहे. अकरावी-बारावीला वाणिज्य शाखेत असलेल्यांना ‘मजुरीत फर्निचर बनवण्याची मजुरी समाविष्ट आहे’ अशा धर्तीची समायोजने आठवत असतील. वर्गात ते एका ओळीचे काम होते, कारण रक्कम गणितातच दिलेली असे. खऱ्या कारखान्यात ती रक्कम कुणी देत नाही. मांडणी किती रुपयांची, हे आपल्यालाच ठरवावे लागते, आणि घोळ होतो तो तिथेच.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे सोयीचे आहेत, पण कामाची पद्धत नेहमीचीच. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका भागीदारी संस्थेचा फर्निचरचा कारखाना आहे. दहा सुतार, काही मदतनीस. सांगली शहरात भाड्याच्या जागेत नवे शोरूम घ्यायचे ठरले आणि 2025 च्या दसऱ्याला ते उघडायचे होते. त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कारखान्यातच मांडण्या बनवल्या. अशाच मांडण्या एखाद्या कापड दुकानदाराला करून दिल्या असत्या तर संस्थेने 4 लाख 80 हजार रुपये, अधिक जीएसटी, असे कोटेशन दिले असते.

संस्थेच्या एका भागीदाराला हाच आकडा पसंत होता. मालमत्ता 4 लाख 80 हजारांची दाखवायची आणि तेवढीच विक्री दाखवायची. शोरूमही आपले, कारखानाही आपला, मग कारखान्याने शोरूमला माल विकला असे समजायला काय हरकत आहे? हरकत अशी की समोर गिऱ्हाईकच नाही. बाहेरून एक रुपयाही आलेला नसताना वहीत नफा उमटतो. लेखामानक इथे स्पष्ट आहे: स्वतःसाठी केलेल्या मालमत्तेतून असा अंतर्गत नफा काढून टाकायचा. तीच वस्तू विक्रीसाठी बनवली असती तर ती शिल्लक मालात ज्या खर्चाने धरली असती, साधारण त्याच खर्चाने ती मालमत्तेत घ्यायची. मग प्रश्न उरतो तो फक्त खर्चाचा.

खर्चात सर्वांत मोठा वाटा मालाचा. या कामाला 19 मिलिमीटर जाडीच्या, आठ बाय चार फुटी प्लायवूडच्या 40 शीट लागल्या. गोदामातल्या शीट 3,200 रुपयांना घेतलेल्या होत्या. सप्टेंबरमध्ये बाजारभाव 3,600 झाला होता. धरायचे 3,200. गेलेला पैसा तेवढाच आहे, आणि वरच्या 400 रुपयांत पुन्हा तोच न कमावलेला नफा लपलेला आहे. अर्थात संस्था मालाचे मूल्य सरासरीने काढत असेल तर सरासरी, आधीची खरेदी आधी धरत असेल तर त्याप्रमाणे. या एका कामापुरती पद्धत बदलायची नाही. प्लायचे झाले 1 लाख 28 हजार. दर्शनी बाजूला चांगले लॅमिनेट आणि आतल्या बाजूला साधे पांढरे, प्रत्येकी 40 शीट, मिळून 64 हजार. फेव्हिकॉल, एज बँड, स्क्रू, ब्रॅकेट यांचे 28 हजार. माल एकूण 2 लाख 20 हजार रुपयांचा.

या रकमा जीएसटी सोडून आहेत, कारण प्लायवरच्या 18 टक्के कराचे इनपुट टॅक्स क्रेडिट संस्थेने खरेदीच्या वेळीच घेतले आहे. घेतलेला कर पुन्हा मालमत्तेच्या किमतीत मिळवला तर एकाच रकमेचा दोनदा फायदा होतो, आणि कायदा ते चालू देत नाही: कराच्या रकमेवर घसारा मागितला तर त्या रकमेचे क्रेडिट मिळत नाही.

शीट कापताना तुकडे उरतात आणि काही वाया जातात. नेहमीच्या कामात जितके वाया जाते तितके खर्चाचाच भाग आहे. वरच्या 40 शीटमध्ये ते आले. पण ऑगस्टच्या एका रात्री कारखान्याचे पत्रे गळले आणि या कामासाठी काढून ठेवलेल्या आणखी 5 शीट भिजून फुगल्या. गोदामातून माल गेला 45 शीटचा. फुगलेल्या शीटचे 16 हजार मांडणीच्या किमतीत घालता येत नाहीत. पाऊस पडला म्हणून मांडणी जास्त मोलाची झाली नाही. ते नुकसान त्याच वर्षी नफा-तोटा खात्यात जाईल. शिवाय नष्ट झालेल्या मालावरचे क्रेडिट जीएसटीत परत करावे लागते, म्हणजे आणखी 2,880 रुपये. गोदामाच्या चिठ्ठीवर नुसते ‘शोरूमसाठी 45 शीट’ लिहिले असेल तर हा फरक वर्षाअखेरीस कुणालाच सांगता येणार नाही.

मजुरीवर भागीदारांत खरी वादावादी होते. एकाचे म्हणणे, सुतारांना पगार द्यायचाच होता, मांडणी केली नसती तरी दिला असता, मग तो मांडणीचा खर्च कसा? व्यवहारी माणसाला हे पटते, पण हिशोबाला नाही. त्या दिवसांत ते सुतार गिऱ्हाइकाच्या कपाटावर असते तर तीच मजुरी कपाटाच्या खर्चात धरली असती. प्रत्यक्ष या कामामुळे पडलेला कामगारखर्च मालमत्तेत घ्यावा, असे लेखामानकच सांगते. इथे 4 सुतारांनी 15 दिवस काम केले, म्हणजे सुताराचे 60 दिवस. एका दिवसाचा खर्च 1,000 रुपये. त्यात रोजाबरोबर भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा हिस्सा आणि बोनसचा वाटाही धरला आहे, जो विसरण्याची प्रथाच आहे. 2 मदतनीसांचे 30 दिवस, 600 रुपयांप्रमाणे. मजुरी 78 हजार. काम नसताना बसून काढलेले दिवस मात्र यात येत नाहीत. एक भागीदार रात्री उशिरापर्यंत उभा राहून काम करून घेत होता. त्याच्या मेहनतीचा वहीत एक पैसाही येत नाही, कारण तिच्यासाठी कुणाला काही दिलेले नाही.

मग कारखान्याचा सामायिक खर्च: शेडचे भाडे, यंत्रांचा घसारा, सुपरवायझर, वीज. संस्थेचा ठरावीक खर्च वर्षाला 6 लाख आहे, आणि नेहमीच्या कामाच्या वर्षात दहा सुतारांचे मिळून 3,000 दिवस भरतात. म्हणजे सुताराच्या एका दिवसामागे 200 रुपये. हे वर्ष मंदीचे गेले, काम 2,000 दिवसांचेच झाले, तर तोच खर्च दिवसामागे 300 पडतो. तरीही घ्यायचे 200. रिकाम्या कारखान्याचा बोजा शोरूमच्या मांडणीवर टाकून तो पुढच्या वर्षांत ढकलता येत नाही. लेखामानक 2 मध्ये शिल्लक मालासाठी जो नेहमीच्या उत्पादनक्षमतेचा नियम आहे, तो इथेही चालतो. साठ दिवसांचे 12 हजार, त्यात वीज आणि ब्लेड वगैरे कामागणिक बदलणारा खर्च दिवसाला 50 रुपयांनी 3 हजार. एकूण 15 हजार. टेम्पोने माल सांगलीला नेण्याचे 7 हजार धरले की मांडणीची किंमत 3 लाख 20 हजार रुपये भरते.

ऑफिसचा पगार, जाहिरात, उद्घाटनाचे पेढे आणि मंडप यात येत नाहीत. शोरूम ‘उघडण्याचा’ खर्च वेगळा आणि मांडणी ‘बनवण्याचा’ वेगळा. पहिला त्याच वर्षीच्या खर्चात जातो. पेढ्यांचे बिल फर्निचर खात्यात टाकणारे लोक आहेत म्हणून हे लिहावे लागते.

नोंद मग सरळ आहे. फर्निचर खाते नावे 3 लाख 20 हजार. कच्चा माल खाते जमा 2 लाख 20 हजार, मजुरी जमा 78 हजार, कारखाना खर्च जमा 15 हजार, वाहतूक जमा 7 हजार. विक्री खात्याला हात लावायचा नाही.

ही नोंद केली नाही तर काय दिसते? समजा संस्थेची वर्षाची विक्री 1 कोटी 20 लाख आहे. नोंद न करता ढोबळ नफा 28 लाख 80 हजार आला, म्हणजे 24 टक्के. माल, मजुरी आणि कारखाना खर्चाचे 3 लाख 13 हजार बाजूला काढले की तोच नफा 31 लाख 93 हजार होतो, 26.6 टक्के. गेल्या वर्षी साडेसव्वीस टक्के असलेला नफा एकदम चोविसावर आला की मालक चोरीचा संशय घेतो, आणि आयकर अधिकारी विक्री लपवल्याचा. दोघांचेही चुकते, पण दोघांना दाखवायला कागद नसतो. उलट प्रकारही होतो. गोदामातून शीट गेल्या, पण संगणकातल्या स्टॉकमधून कुणी कमी केल्या नाहीत. कॅश क्रेडिट घेतले असेल तर बँकेला दर महिन्याला जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये त्या 45 शीट तशाच राहतात आणि नसलेल्या मालावर कर्ज उचलले जाते. बँकेचा तपासनीस मोजायला आला की ते उघडे पडते.

नोंद केल्यावर मालकाची पहिली तक्रार कराची असते, आणि ती रास्त आहे. पैसे सगळे याच वर्षी गेले, पण वजावट मिळते थोडी. आयकरात फर्निचरचा घसारा दरवर्षी उरलेल्या किमतीवर 10 टक्के. पहिल्या वर्षी 32 हजार, दुसऱ्या वर्षी 28,800, तिसऱ्या वर्षी 25,920. दहा वर्षांनी मांडण्या मोडीत निघालेल्या असतील, तरी कराच्या हिशोबात त्यांचे सुमारे 1 लाख 11 हजार उरलेले असतात. हा दर फर्निचरच्या खऱ्या आयुष्यापेक्षा कंजूष आहे, असे माझे मत आहे. पण म्हणून सगळा खर्च पहिल्याच वर्षी टाकायचा, हा मार्ग तपासणीत टिकत नाही.

त्यात एक तारखेची गंमत आहे. मालमत्ता त्या वर्षी 180 दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो. 2025 चा दसरा 2 ऑक्टोबरला होता. त्या दिवसापासून 31 मार्चपर्यंत 181 दिवस भरतात, म्हणून आपल्या संस्थेला पूर्ण 32 हजार मिळाले. शोरूम दिवाळीला उघडले असते तर 16 हजार. 2026 मध्ये दसराच 20 ऑक्टोबरला आहे, त्यामुळे त्या वर्षी दसऱ्याचा मुहूर्त धरणाऱ्यांना निम्म्या घसाऱ्यावर समाधान मानावे लागेल. तारीख सिद्ध करायला उद्घाटनाची पत्रिका आणि पहिल्या विक्रीचे बिल पुरते. ते जपून ठेवावे.

स्वतःच्या ताळेबंदातला घसारा आयकराच्या दराने लावलाच पाहिजे असे नाही. तिथे विचारायचे ते एवढेच की मांडणी किती वर्षे उपयोगी पडणार. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट 2 मध्ये सर्वसाधारण फर्निचरचे आयुष्य 10 वर्षे धरले आहे. आपली संस्था कंपनी नाही, आणि तिच्या बाबतीत महत्त्वाचा आहे भाडेकरार. तो 5 वर्षांचा असेल, नूतनीकरणाची खात्री नसेल आणि मांडण्या भिंतीच्या मापाने अशा बसवल्या असतील की काढून दुसरीकडे लावता येणार नाहीत, तर त्यांचे उपयोगी आयुष्य 5 वर्षांचेच. वर्षाला 64 हजार. मांडण्या सुट्या, स्क्रू काढून हलवता येतील अशा केल्या असतील तर 10 वर्षे धरायला आधार आहे. थोडक्यात, सुताराने जोड कसा दिला यावर सीएचा आकडा ठरतो, आणि सीएने ताळेबंद करण्याआधी एकदा शोरूममध्ये जाऊन यावे, हे बरे.

जीएसटीतही त्या जोडाला महत्त्व आहे. स्वतःच्या खात्यावर स्थावर मालमत्ता बांधण्यासाठी वापरलेल्या मालाचे क्रेडिट मिळत नाही, आणि बांधकामात नूतनीकरण, फेरफार, दुरुस्ती हेही येते, जितका त्यांचा खर्च भांडवली धरला असेल तितक्यापुरते. स्क्रूने बसवलेली, काढता येणारी मांडणी स्थावर नाही. तिचे क्रेडिट राहते. पण त्याच वेळी त्याच सुतारांनी त्याच प्लायने फॉल्स सीलिंग आणि पक्के पार्टिशन केले असेल तर तो भाग वादात सापडू शकतो. म्हणून दोन्ही कामे एका आकड्यात मिसळू नयेत.

शोरूम सांगलीत असल्याने कारखाना आणि दुकान एकाच जीएसटी नोंदणीत आहेत, त्यामुळे मांडणी नेण्यावर कर नाही. तेच शोरूम बेळगावला किंवा पणजीला असते तर? राज्य बदलले की नोंदणी वेगळी, आणि जीएसटीच्या नजरेत एकाच संस्थेच्या या दोन नोंदण्या म्हणजे दोन वेगळ्या व्यक्ती. पैसे न घेता माल पाठवला तरी तो पुरवठा ठरतो आणि कराचे बिल करावे लागते. ज्या भागीदाराला कारखान्याने शोरूमला विक्री केली असे दाखवायचे होते, त्याचे म्हणणे इथे निम्मे खरे ठरते: बिल होईल, कर भरला जाईल, पलीकडे क्रेडिट मिळेल. पण संस्थेच्या एकत्र ताळेबंदात त्या बिलातला नफा तरीही काढून टाकावा लागतो. मालमत्ता 3 लाख 20 हजारांचीच राहते, फार तर वाहतूक वाढेल तेवढी जास्त.

शोरूममधल्या सगळ्याच वस्तूंना हा न्याय लागू नाही. मांडणीवर ठेवलेले टीपॉय आणि खुर्च्या, समोरचा सोफा हे विकण्यासाठीच आहेत. वर्षभर मांडून ठेवले तरी ते शिल्लक मालच. आणि त्याच प्लायने, त्याच सुतारांकडून एखाद्या भागीदाराच्या घरचे कपाट झाले असेल तर तो ना खर्च ना मालमत्ता. ती त्याची उचल, आणि त्या मालावरचे क्रेडिटही परत करायचे.

या सगळ्याला लागणारा कागद फार नाही. शोरूमला एखाद्या गिऱ्हाइकासारखा ऑर्डर नंबर द्यायचा. त्या नंबरावर गोदामाच्या चिठ्ठ्या फाडायच्या, वाया गेलेला माल वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा, आणि हजेरीत सुताराच्या नावापुढे रोज तो नंबर टाकायचा. बाहेरचा पॉलिशवाला किंवा टेम्पोवाला आलाच तर त्याला एका दिवसात 10 हजारांवर रोख देऊ नये. रोख दिलेली ती रक्कम आयकरात मालमत्तेच्या किमतीत धरत नाहीत. काम 31 मार्चला अर्धवट असेल तर झालेला खर्च अपूर्ण भांडवली काम म्हणून दाखवायचा आणि घसारा काम पूर्ण झाल्यावर सुरू करायचा. हे मार्चअखेर आठवून लिहिण्याचे काम नाही. तेव्हा सुतारांना दिवस आठवत नाहीत आणि गोदामवाल्याला शीट आठवत नाहीत. पहिली शीट गोदामाबाहेर पडण्याआधी नंबर उघडा.